डबा रिकामा आला तेव्हा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. तुळशीबागेत माझा जन्म झाला असं म्हणता येणार नाही, पण माझं नाव तिथे पडलं. विभावरीच्या मावशीने लग्नात द्यायला मला विकत घेतलं आणि दुकानदाराने टकटक करत माझ्या पोटावर 'चि. सौ. कां. विभावरी हिस, मावशीकडून' असं कोरलं. मग गोडा मसाला पोटात घेऊन मी विमानात बसलो. फ्रँकफर्टला बॅग आपटली आणि माझ्या झाकणाला पोचा आला, तो आजही आहे. मित्रांनो, तेव्हापासून मी जर्मनीचा रहिवासी. कागदपत्रं मात्र कुणी विचारली नाहीत.

माझं काम काय? स्टुटगार्टहून नेकारसुल्मला जायचं आणि परत यायचं. स्टुटगार्टच्या चढावरच्या एका घरात विभावरी, तिचा नवरा शरदचंद्र आणि मुलगी अन्वी राहतात. नेकारसुल्मला वासुदेव आणि कुंदा राहायचे. वासुदेव तिथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर होते. विभावरी नवी नवी इथे आली तेव्हा घर बघून देण्यापासून जर्मन डॉक्टरशी बोलण्यापर्यंत सगळं या जोडप्यानेच केलं. त्यांना ती भाऊजी आणि वहिनी म्हणते. माझ्यातून इकडच्या चकल्या तिकडे जायच्या, तिकडचे अनारसे इकडे यायचे. चौदा वर्षांत मी एकदाही रिकामा परतलो नाही. काहीच नसलं तर कुंदावहिनी चमचाभर साखर घालत, पण रिकामं भांडं म्हणून पाठवत नसत. पुढे पारदर्शक झाकणांचे चकचकीत डबे आले आणि मी वरच्या फळीवर गेलो. वर्षातून एकदा, दिवाळीला, माझी आठवण व्हायची. तेवढंही मला पुरे होतं.

यंदाची दिवाळी आली. विभावरीला नवी नोकरी लागलेली, सवड म्हणून नव्हती. दरवर्षी सगळे गाडीने जायचे, यंदा तिने मला चकल्या, शंकरपाळी आणि बेसनाच्या लाडवांनी गच्च भरलं आणि पार्सलच्या खोक्यात कोंबलं. वर एक रंगीत कार्ड ठेवलं. पत्त्यावर नाव अर्थातच वासुदेव यांचं.

दोन दिवसांनी खोकं उघडलं ते त्यांच्या मुलाने, वेदने. वेद वीस वर्षांचा आहे आणि इथेच वाढलेला. मी बाहेर पाहिलं आणि जागच्या जागी गार पडलो. समोरच्या भिंतीवर वासुदेव होते. फोटोत. फोटोला चंदनाचा हार होता.

मित्रांनो, मी धातूचा आहे, मला धक्का बसत नाही असं तुम्हाला वाटेल. बसतो. मागच्या दिवाळीला याच माणसाने माझं झाकण उघडून उभ्या उभ्या तीन चकल्या खाल्ल्या होत्या.

कुंदावहिनींचा चष्मा जवळ नव्हता. त्यांनी वेदला कार्ड वाचायला सांगितलं. त्याला मराठी समजतं, पण अक्षरं तो एकेक करून लावतो. पहिलीतल्या मुलासारखा तो वाचत गेला. 'श्री. व सौ. यांस दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. वासुदेवभाऊजी, यंदा चकली कशी झाली ते लगेच कळवा. गप्प बसलात तर मी बोलणार नाही.' शेवटचा शब्द लावून झाल्यावर आपण काय वाचलं ते त्याला कळलं, आणि तो खाली बसला.

कुंदावहिनी रडल्या नाहीत. त्यांनी कार्ड वेदच्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "पाच महिन्यांत एक शब्द नाही, आणि आता हे." फराळ शेजाऱ्यांना दे आणि डबा धुऊन परत पाठव, असं त्यांनी वेदला सांगितलं. आत काही घालू का, असं त्याने जर्मनमधून विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

असा मी चौदा वर्षांत प्रथमच रिकामा परतलो. आणि मला तोंड केवढं मोठं, पण बोलता येत नाही.

विभावरीने झाकण उघडलं, आत पाहिलं, मला उलटं करून झटकलंसुद्धा. मग तिचा पारा चढला. रिकामा डबा? चिठ्ठी नाही, फोन नाही? आपण नाही गेलो म्हणून एवढा राग? दोन दिवस ती भांडी आदळत होती. मी आतून तळमळत होतो. अगं बाई, थांब, असं ओरडावंसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाकीच्यांना तरी वहिनींनी डबे भरून पाठवले का ते बघायला तिने फोनवर मराठी मंडळाचा ग्रुप उघडला. हा ग्रुप तिने एप्रिलमध्येच नजरेआड टाकला होता. पाडव्याच्या कार्यक्रमात तिच्या नाट्यप्रवेशाची वेळ कापली, म्हणून रुसून. त्या रुसव्यात ती गणपतीलाही गेली नव्हती. शरदचंद्र तर ग्रुपमध्येच नाहीत, त्यांना जगाची बातमी बायकोमार्फत कळते. तिने ग्रुपमध्ये 'कुंदा' शोधलं. वरती वरती जात जूनमधला निरोप आला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपले वासुदेव यांचे काल कामावर असताना हृदयविकाराने निधन झाले.' खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यात तिचे हात नव्हते.

तिचा फोन ओट्यावर पडला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिला ते कार्ड आठवलं असावं, कारण तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. "अहो, मी त्यांना गप्प बसू नका म्हणून लिहिलं," एवढंच ती शरदचंद्रांना म्हणाली. शरदचंद्र भिंतीला टेकले.

मग शरदचंद्रांनी ताबडतोब फोन करूया म्हटलं. विभावरी नको म्हणाली. फोन केला तर मी रडणार, आणि मला समजवायचं काम वहिनींवर येणार. पत्र लिहिलं तर त्यांना हवं तेव्हा वाचता येईल, नको तर बाजूला ठेवता येईल. शरदचंद्रांनी सुचवलं की आपण भारतात होतो असं लिही, कोण तपासतंय. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा करायला उठले.

पहिला कागद फाडला, कारण त्यात पानभर ग्रुपचीच कहाणी होती. दुसऱ्यात 'देवाची इच्छा' आली, तोही फाडला. तिसऱ्यात 'काही लागलं तर हक्काने सांगा' असं होतं. पाच महिने जिने विचारलं नाही, तिला वहिनी हक्काने काय सांगणार? तोही गेला. चौथ्या कागदावर हात सवयीने 'श्री' लिहायला वर गेला आणि थांबला. दुःखाच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. मग पाकिटावर नावाआधी काय? चौदा वर्षं ती 'सौ. कुंदा' लिहीत आली होती. तिथे तिला खरं रडू फुटलं. शेवटी अन्वीच म्हणाली, "आई, जर्मनमध्ये लिहितात तसं फ्राऊ लिही ना. फ्राऊ सगळ्याच बायकांना असतं." पोस्टाची तिकिटं घरात होती ती सगळी नाताळची, चांदण्या आणि घंटा असलेली. अन्वी टेकडी उतरून फुलाचं साधं तिकीट घेऊन आली.

पत्र माझ्या शेजारीच लिहिलं गेलं. मला ते पाठ आहे.

'प्रिय कुंदावहिनी,

भाऊजी गेल्याचं मला आज कळलं. जूनमध्ये गेले आणि मला नोव्हेंबरात कळलं. मंडळाचा ग्रुप मी रुसून बाजूला टाकला होता, त्यामुळे निरोप पाहिला नाही. पण खरं कारण ते नाही. पाच महिन्यांत तुम्हाला एक फोन केला असता तर कळलं असतं. तो मी केला नाही. ही चूक ग्रुपची नाही, माझी आहे. आणि त्यावर मी ते कार्ड पाठवलं. ते तुमच्या घरात वाचलं गेलं, या विचाराने मला तोंड दाखवायला जागा नाही. मला माफ करा असं म्हणते, पण करायलाच हवं असं नाही.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, ती सांगते. इथे आले त्या वर्षी मी जर्मनच्या परीक्षेत नापास झाले. सतरा फेब्रुवारी. स्टुटगार्ट स्टेशनवर बाकावर बसून रडत होते. भाऊजी त्या दिवशी काही कामाने स्टुटगार्टला आले होते, घरी जायची गाडी पकडताना त्यांनी मला पाहिलं. एक ब्रेत्सेल खायला आणून दिला आणि शेजारी बसले. त्यांच्या तीन गाड्या गेल्या. ते स्वतः इथल्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते, हेही सांगितलं. मी हात जोडले, हे कुणाला सांगू नका, वहिनींनाही नाही. ते म्हणाले, नाही सांगणार. मला वाटतं त्यांनी शब्द पाळला.

या पत्राला उत्तर नको. पुढच्या रविवारी अकरा वाजता मी तुमच्या दाराशी येईन. भेटावंसं वाटलं नाही तर वेदला सांगा, मी परत जाईन.

तुमची विभावरी'

सोमवारी पत्र पेटीत पडलं. गुरुवारी संध्याकाळी विभावरी कणीक मळत होती आणि फोन वाजला. हात भरलेले, म्हणून अन्वीने तो स्पीकरवर लावला.

"विभावरी, तुला कळलं आणि तू आली नाहीस, असंच मी धरून चालले होते," कुंदावहिनी म्हणाल्या. "तेराव्याला मी दाराकडे बघत होते."

विभावरीने हो म्हटलं. सबब सांगितली नाही.

"सतरा फेब्रुवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस. त्या दिवशी ते दोन तास उशिरा आले. विचारलं तर म्हणाले, मीटिंग लांबली. मी ऑफिसात फोन केला होता गं, मीटिंग नव्हतीच. मी तीन दिवस बोलले नाही. आणि मग दर वर्षी, बरोबर त्या दिवशी, तुमची ती मीटिंग म्हणून टोचत राहिले. या फेब्रुवारीतही टोचलं. ते नुसते हसले. चौदा वर्षं मनात काय काय आणलं मी. आणि ते तुझ्याशेजारी ब्रेत्सेल खात बसले होते."

कणकेत हात तसेच ठेवून विभावरी रडली. पलीकडे कुंदावहिनीही रडत होत्या. वेद मागून सांगत होता, हे आईचं पहिलंच रडणं आहे, थांबवू नका.

मित्रांनो, मी साधा डबा. माझ्यात जे घालतात तेच मी नेतो. पण एवढं मात्र तुम्हाला कळवळून सांगतो. कुणाच्या दुःखाची बातमी तुम्हाला उशिरा कळली, तर लाजून गप्प राहू नका. उशीर झाला तो झाला, तो तसाच लिहा. गेलेल्या माणसाची एखादी गोष्ट तुमच्याजवळ असेल, तर ती तुमच्याकडे ठेवून काय करणार? तिच्यावर त्या घराचा हक्क आहे, आणि कदाचित तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं तिचीच वाट पाहत असेल.