अर्जात न लिहिलेल्या भाकऱ्या

पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर कमळाकर अर्ज लिहायला बसे. त्याचा एक अर्ज वाचून म्हणे तलाठ्याला चष्मा दोन दिवस उन्हात वाळत घालावा लागला होता, आणि एका साहेबांनी तर अर्धाच अर्ज वाचून आपला जेवणाचा डबा अर्जदाराच्या घरी धाडला होता. म्हणून नेरे गावची सोनाबाईही बँकेचा अर्ज लिहून घ्यायला त्याच्याकडेच आली.

तिचं काम सरळ होतं. ती तांदळाच्या भाकऱ्या करून विकायची. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळचा खाणावळवाला फारूक तिच्याकडून रोज साठ घ्यायचा. एक तारखेपासून त्याला तीनशे हव्या होत्या. हातानं उकड मळून तेवढ्या होईनात. पीठ मळायचं यंत्र आणि मोठी शेगडी घ्यायची, हप्ता भाकऱ्यांच्या पैशांतून भरायचा. पंचेचाळीस हजारांचं दरपत्रक तिनं पिशवीतून आणलंच होतं.

कमळाकरनं सगळं ऐकलं आणि त्यातलं बरंचसं गाळलं. रोज तीनशे भाकऱ्या म्हटल्यावर कुणाला दया येणार? त्यानं लिहिलं: अर्जदार निराधार विधवा असून उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही, दोन वेळची चूल पेटण्याची भ्रांत आहे, तरी मायबाप बँकेने कर्जरूपी आधार द्यावा. लिहिताना त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले.

तीन आठवड्यांनी अर्ज नामंजूर होऊन आला. कमळाकर तणतणत सोनाबाईला घेऊन बँकेत गेला. कर्जाचं टेबल एका मॅडमकडे होतं. त्यांनी अर्ज शांतपणे त्याच्यासमोर ठेवला.

"काका, उत्पन्न नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग हप्ता कुठून येणार?"

यंत्र कशासाठी, माल कोण घेणार, महिन्याला हाती काय उरणार, एवढंच त्यांना हवं होतं. खाणावळीचं मागणीपत्र जोडून नवा अर्ज द्या, आपण बघू, असंही त्या म्हणाल्या.

सोनाबाईला वाचता येत नव्हतं. बाहेर येऊन तिनं जुना अर्ज वाचून दाखवायला सांगितला. कमळाकरनं भराभर वाचला.

"भाऊ, मी घरात बसून खाते असं लिवलंत तुमी?" ती म्हणाली. "पंधरा वर्सं भाकऱ्या थापते मी."

कमळाकरनं अर्जाची घडी करून खिशात घातली.

मागणीपत्र आणायला दोघं रिक्षानं कळंबोलीला गेले. फारूकनं चहा मागवला, पण नजर वर केली नाही. एक तारीख उलटून आठ दिवस झाले होते. यंत्र असलेल्या एका बचत गटाला त्यानं तीनशेंचं काम देऊन टाकलं होतं, उद्यापासून सोनाबाईच्या रोजच्या साठही त्यातच जाणार होत्या.

"मौसी, मैंने रास्ता देखा," तो म्हणाला. "गिऱ्हाईक थांबत नाही."

परतल्यावर कमळाकरनं कोरा कागद घेतला. यंत्राचा उद्देश या वेळी नीट, एका ओळीत उतरला. मग आली परतफेडीच्या साधनाची ओळ.

"लिवा ना," सोनाबाई म्हणाली. "काय लिवायचं ते तुमाला ठावं."

कमळाकरनं पेनाला टोपण लावलं.