ताणून ठेवलेला दोर

गिरधर सरांनी नाजमीनचं यंत्र ढापलं, हे जळगावच्या त्या कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं. तिथे ती तासिका तत्त्वावर शिकवायची आणि सर विभागप्रमुख होते. वर्षभर वर्कशॉपमध्ये खपून तिने दगड फेकणारं जुन्या काळातलं यंत्र बनवलं. आडव्या चौकटीत नायलॉनच्या दोरांचा जाड जुडगा, त्याला करकचून पीळ, आणि पिळात अडकवलेला लाकडी दांडा. दांडा मागे ओढून सोडला की पीळ उलटतो आणि गोळा सुटतो. यंत्र पूर्ण झालं आणि पुढच्या वर्षी तिची नेमणूक झाली नाही. यंत्र सामान म्हणून वर्कशॉपातच राहिलं, आणि महिन्याभरात त्याच्यावर लाल ऑइलपेंटने नाव चढलं: 'संकल्पना व निर्मिती, प्रा. गिरधर'.

नाजमीनने तक्रार केली नाही, कारण ऐकणार कोण होतं? तिला धुळ्याच्या कॉलेजात नोकरी मिळाली. तिथे पहिल्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं की एक दिवस हाच माणूस माइकवरून सांगेल, हे यंत्र नाजमीनचं आहे. त्याहून कमी काही तिला नको होतं.

या वर्षी जळगावच्या तंत्रमहोत्सवात प्राचीन युद्धयंत्रांची स्पर्धा जाहीर झाली. मैदानावर साठ मीटरवर चुन्याचं वर्तुळ, सिमेंटचे एकाच साच्यातले गोळे, प्रत्येकी तीन फेकी. बाकीच्यांची यंत्रं सकाळीच चाचणीत गळाली. उरली दोन. एक सरांचं म्हणजे नाजमीनचं, आणि दुसरं नाजमीनचं नवं.

नवं होतं ट्रेबुशे. त्यात पीळ नाही, दोर ताणायचा नाही. लांब दांडा, त्याच्या आखूड टोकाला वाळूच्या पोत्यांनी भरलेली पेटी, लांब टोकाला गोफण. पेटी वर चढवून खटका लावायचा. खटका सुटला की पेटी खाली येते, दांडा वर फिरतो, गोफण गोळ्याला आणखी झोका देते, आणि टोकाच्या आकड्यावरून तिची एक वादी निसटली की गोळा मोकळा. आकडा किती वाकवायचा यावर गोळा कधी सुटणार आणि कुठे पडणार ते ठरतं. नाजमीनने धुळ्यात आठवडाभर तेवढा एक आकडा ठोकला होता.

"एवढं मोठं धूड!" सर सकाळी सगळ्यांसमोर हसले होते. "आमचं याच्या निम्मंही नाही. तरी पुढे टाकतं."

ते खरंही होतं. सकाळच्या चाचणीत ताज्या पिळाने गोळा वर्तुळाच्या पलीकडे भिरकावला होता. मग सरांनी पीळ देणाऱ्या चाकाचा एक दात कमी करून नेम बरोबर आणला आणि मिशीवरून हात फिरवला. लुटलेल्या वस्तूचा तोरा मिरवणाऱ्याला आणखी थोडं मिरवू द्यावं, असं नाजमीनला वाटलं.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष झुलाल नाना शिंदखेड्याहून येणार होते. पहिला खटका त्यांच्याच हातून ओढायचा, म्हणून यंत्रं आधीच चढवून, खटका लावून ठेवायची असा फतवा निघाला. फोन आला, नाना एरंडोलला पोहोचले. दोन्ही यंत्रं चढली. पुन्हा फोन आला, नाना पद्मालयाला दर्शनाला वळले आहेत. एप्रिलचं ऊन, डोक्यावर मंडपाचा तुकडा, यंत्रांवर काहीच नाही.

नाजमीनची वाळूची पेटी वर टांगलेली होती. तिचं वजन उन्हाने घटणार नव्हतं, उंची बसून बसून कमी होणार नव्हती. तासाने सोडा नाहीतर संध्याकाळी, ती तेवढ्याच जोराने खाली येणार. दोराचं तसं नसतं. जळगावात असताना घरच्या अंगणात पिळाच्या यंत्राचा लहान नमुना जुळवून एकदा ती तो चढवून ठेवून जेवायला गेली होती. परत येऊन सोडलं तर गोळा लाजिरवाणा अलीकडे पडला. तिची अम्मी अकबरी तिथेच खाटेच्या दावणी, म्हणजे पायथ्याचे दोर, ओढून ताणत होती. ती म्हणाली, "दुपारभर कुणी लोळलं की खाट सैल पडतेच ना." ताणलेला दोर ताणाखालीच हळूहळू लांबतो, धागे सरकतात, उन्हात तर जास्तच, आणि पिळात भरलेली ताकद बसल्या जागी विरते. ही गोष्ट सरांना ठाऊक नव्हती. त्यांनी यंत्र उचललं, त्याचं दुखणं मात्र नाजमीनकडेच राहिलं.

तास उलटला. सर दोराच्या जुडग्याला बोटाने दाबताना तिला दिसले. मग इकडेतिकडे बघत ते तिच्याजवळ आले.

"नाजमीन, ऐक ना," ते कुजबुजले. "हे असं चढवून ठेवलं तर चालतं ना?"

याच क्षणासाठी तिने वर्ष काढलं होतं.

"मला का विचारता सर?"

"अगं, तुला माहीत असेल म्हणून."

"माइकवर विचारा. सगळं सांगते."

सरांचा चेहरा उतरला. माइकवर विचारायचं म्हणजे यंत्र कुणाचं ते कबूल करायचं. ते तसेच मागे फिरले आणि आपल्या नावाशेजारी जाऊन उभे राहिले. आताही दांडा उतरवून दोर सैल केले असते आणि नाना आल्यावर पुन्हा पिळले असते, तर निभावलं असतं. पण चारचौघांत उतरवायचं कसं? नाजमीनला दया आली नाही. यायला हवी होती का, हेही तिने स्वतःला विचारलं नाही.

नाना आले, हार झाले, नारळ झाला. नानांनी सरांचा खटका ओढला. गोळा वर्तुळाच्या कितीतरी अलीकडे धुळीत रुतला. कुणीतरी शिट्टी मारली. सरांनी घाईघाईने दोन दात जास्त पिळले आणि लगेच सोडलं, तर गोळा वर्तुळ ओलांडून कुंपणाला लागला. तिसऱ्या वेळी एक दात कमी केला. तोवर दोर पुन्हा ढिला झालेला. गोळा परत अलीकडेच.

मग नाजमीनची पेटी खाली आली. गोळा वर्तुळात. दुसरा त्याच्या शेजारी. तिसऱ्याने पहिल्याला टक्कर दिली, आणि मैदान टाळ्यांनी दणाणलं.

नानांनी माइक मागवला. त्यांना खरंच कुतूहल होतं. "गिरधर भाऊ, सकायले तर भलतं दूर गयतं म्हने. आते इतलं अलीकडे कसं पडनं?"

सरांना घाम फुटला होता. अब्रू वाचवायला माणूस हाताला येईल ते पुढे करतो.

"नाना, रचनेतच दोष आहे," ते माइकमध्ये म्हणाले. "मुळात हे यंत्र माझं नाही. नाजमीन मॅडमनी बनवलेलं आहे. मी फक्त चालवलं."

नाना पुढे वाकले आणि चौकटीवरची लाल अक्षरं त्यांनी चष्मा सावरून वाचली.

"मंग यावर तुमनं नाव कसाले लिखेल शे?"

नाजमीनने सरांच्या हातून माइक घेतला.

"यंत्र माझंच आहे नाना. दोष नाही त्याच्यात. दोराची ताकद ताणून साठवून ठेवता येत नाही. पिळायचं आणि लगेच सोडायचं. वजन वाट बघू शकतं, दोर नाही. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं असतं तर सांगितलं असतं."

मग ती वर्कशॉपच्या खोलीतून रंग उतरवायच्या थिनरची बाटली आणि एक फडकं घेऊन आली. बाटली तिने चौकटीवर ठेवली, आणि फडकं गिरधर सरांच्या हातात दिलं.