आठ तलवारी कुणाकुणाच्या

मंजुषाला कंटाळा आला होता, आणि तो साधासुधा नाही, पार हाडात मुरलेला. चौसाळ्यात हायवेला लागून तिचं पार्लर. पुढं आरसे, खुर्च्या, मेंदीचे कोन. मागं पडद्याआड एक स्टूल, एक टेबल आणि भविष्य बघायचे टॅरोचे पत्ते. लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या एका बाईंकडून मोबाईलवर शिकली होती. तेव्हा वाटलं होतं, काहीतरी मोठं हाती लागलं. आता काय? सकाळपासून लग्नाच्या पोरी, आणि पडद्यामागं येणाऱ्या प्रत्येकीचा प्रश्न तोच. त्यो फोन कावून करत न्हाई? त्याचं दुसरीकडं हाय का? अगं बायांनो, त्यालाच विचारा ना! पण नाही. पत्त्यांनाच विचारायचं.

पडद्यामागं तिच्याकडं ठरलेली वाक्यं होती. आठ तलवारींचं पान निघालं की ती म्हणायची, ‘बघ, दोरी सैल हाय. तूच स्वतःला बांधून घेतलंयस. मनातली भीती काढ.’ पोरी मान डोलवत निघून जायच्या. या वाक्याचा मंजुषाला स्वतःलाच वीट आला होता.

दुपारी स्वप्ना आली. पंचविशीतली, अंगानं सुकलेली, नेकनूरकडच्या एका वस्तीवर दिलेली. सोबत सासू कडूबाई. म्हातारी दारातच म्हणाली, “हिच्या भुवया कर. मी समोरच्या दुकानातून ब्लाउजपीस बघून येते. आल्यावर तयार पाहिजे.” आणि चपला फटफटवत रस्ता ओलांडून गेली.

एक भुवई झाली. दुसरीला दोरा लावणार, तोच स्वप्नानं तिचा हात धरला. “ताई, तुमी पत्ते बघता म्हणं. दुसरी भुवई ऱ्हाऊ द्या. आत्या यायच्या आत बघा.” आत्या म्हणजे सासू.

“काय बघू?”

“मी त्या घरात ऱ्हावं का निघावं, येवढंच.”

मंजुषानं मोठा सुस्कारा टाकला. एक भुवई रेखीव नि दुसरी झुडपासारखी, अशा पोरीला नाही तरी कसं म्हणावं? पडदा ओढला. पत्ते पिसून स्वप्नाला कापायला लावले आणि वरची चार पालथी मांडली. नात्याचा प्रश्न असला की तिची रीत ठरलेली. पहिलं पान विचारणारीचं, दुसरं त्याचं, तिसरं दोघांना धरून ठेवणाऱ्या गोष्टीचं, चौथं नजरेआड राहिलेल्या गोष्टीचं.

पहिलं उलटलं. नऊ काठ्या. डोक्याला पट्टी बांधलेला माणूस, दमलेला, तरी काठीला टेकून पहाऱ्यावर उभा.

“ही तू,” मंजुषा म्हणाली. “लई दिवसांपासून सोसतीयस.”

दुसरं पान सम्राटाचं, आणि ते मंजुषाच्या बाजूनं उलटं पडलेलं. सरळ असता तर घर सांभाळणारा धनी. उलटा म्हणजे ताबा हातातून सुटंल या भीतीनं सगळ्यांच्या मुसक्या आवळणारा. स्वप्नाचा नवरा अभिमन्यू मात्र गावात शांत म्हणून ओळखला जायचा.

तिसरं उलटलं. आठ तलवारी.

एक बाई; डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती दोरी, मागं नि बाजूंना जमिनीत रोवलेल्या तलवारी, पायाखाली चिखल, लांब कड्यावर वाडा. मंजुषाचं तोंड सवयीनं उघडलं. “बघ, दोरी सैल हाय. तूच स्वतःला...”

“आमची कडी सैल न्हाई, ताई.”

“कुठली कडी?”

“खोलीची. हे रानात जाताना आत्याला सांगून जातेत. आत्या बाहेरून लावतेत. संध्याकाळी ते आले की उघडतेत.”

बाहेरून कडी लावलेल्या बाईला ती ‘मनातली भीती काढ’ म्हणणार होती! आजवर अशा किती जणींना तेच ऐकवलं असेल? तिला स्वतःची शिसारी आली.

“हात उचलतो?”

“एकदा. आत्या मधी पडल्या, त्यांनाबी लागलं.”

मंजुषानं पान हातात घेऊन स्वप्नाकडं सरळ फिरवलं. “हे बघ, माझं मघाचं बोलणं सोड. तलवारीचे पत्ते म्हणजे डोक्यातले विचार आणि माणसांच्या तोंडचे शब्द. पण या बाईला कुणीतरी बांधलंय, हे बी खरं. दोन तलवारींचं पान वेगळं असतं. तिथं पट्टी असती, पण हात तिचेच, तलवारीबी तिनंच धरलेल्या. इथं हात मागं आवळलेले हायेत. ते कुणी तिनं स्वतः केलेलं न्हाई.”

“मग काय करायचं?”

“एकेका तलवारीवर बोट ठेव आणि सांग कुठली कशाची. आणि हेबी सांग, ती तू स्वतः बघितलीयस का नुसती गृहीत धरलीयस. पट्टीमुळं तिला लोखंडाची कुठली अन् भासाची कुठली हेच कळत न्हाई, हीच तिची खरी अडचण.”

स्वप्नाचं बोट पहिल्या तलवारीवर टेकलं. कडी, रोज बघते. दुसरी मोबाईलची; तिच्याजवळ नाही, आणि नवऱ्याच्या फोनवरून बोलायचं तर स्पीकर लावून, त्याच्यासमोर. तिसरी नवऱ्याचा राग. या तिन्ही खऱ्या. लोक काय म्हणतील, ही एक. मंजुषानं विचारलं, कोणते लोक? स्वप्नाला नाव सुचेना. बापाची मान खाली जाईल, ही आणखी एक. बाप असं कधी म्हणाला होता का? तर नाही, आपलं वाटतं. मग बोट एका तलवारीवर येऊन थांबलं ते हलेचना.

“ही दादाची,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. “आमचं साटंलोटं झालंय, ताई.”

आता मंजुषाला सगळा पेच कळला. स्वप्ना अभिमन्यूला दिलेली, तर अभिमन्यूची बहीण सायली स्वप्नाच्या भावाला, तलवाड्याच्या रामकिसनला. एकाच मांडवात दोन्ही लग्नं. या दोघी एकमेकींना वैनीच म्हणतात. आणि एकीचं माहेर तेच दुसरीचं सासर.

“मी निघाले तर हे लोक सायलीवैनीला माघारी आणतील. दादाचा संसार मोडंल माझ्यापायी. लई जीव हाय त्याचा तिच्यावर.”

“कुणी सांगितलं?”

“असं... असंलच की.”

“वैनी म्हणाली?”

“तिच्याशी एकटीनं बोलायला कधी मिळालं?”

मंजुषानं चौथं पान उलटलं. तीन पेले. तीन बाया हातातले पेले उंचावून गोलात नाचत होत्या. नजरेआड राहिलेल्या गोष्टीच्या जागेवर बायांची सोबत! एकट्या पानाचा अर्थ मैत्रीचा, सणासुदीचा. पण बांधलेल्या बाईच्या शेजारी बसलं की तो वेगळाच दिसतो. बांधलेल्या हातांची गाठ दुसऱ्याच कुणाला सोडावी लागते. मंजुषानं फार शब्द खर्च केले नाहीत. “मला जे दिसतं ते इतकंच, की एक बाई हाय आणि तिला तू विचारलेलं न्हाई. ऱ्हावं का निघावं, ते हे पत्ते ठरवत न्हाईत, मीबी न्हाई. नंबर पाठ हाय का वैनीचा?”

पाठ होता. मंजुषानं आपला मोबाईल पुढं केला.

सायली रानात कापूस वेचत होती. “कोण?” म्हणाली, आवाज ओळखल्यावर चालत सरीच्या टोकाला गेली असावी; वाऱ्याचा आवाज वाढला. स्वप्ना एका दमात सगळं बोलून गेली. कडी, मोबाईल, ती एकदाची मारहाण. “वैनी, मला निघायचंय. पण तुझं वाईट व्हायचं असंल तर मी ऱ्हाते. दादाचं नि तुझं चांगलं चाललंय, ते मला मोडायचं न्हाई.”

पलीकडून सायली रडली का हसली, काही कळेना.

“कुणाचं चांगलं चाललंय, वैनी?”

“म्हणजे?”

“तुझा दादा मला तसंच ठेवतो. तुझी आई कडी लावती. वेचणीच्या दिवसांत तेवढं रानात सोडतेत, फोनबी तेवढ्यापुरताच हातात असतो. मी आजवर बोलले न्हाई, कावून माहितंय? वाटलं, मी निघाले की माझा भाऊ तुला घराबाहेर काढंल. तुझ्यापायी थांबलेय मी.”

स्वप्ना भुईवर बसली. आपला दादा! लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा दादा! आणि आई? आईला शरम न्हाई वाटली? ज्या संसारासाठी ती इतकं सोसत होती, तो संसार असा होता तर! मंजुषाला वाटलं, पोर आता कोसळेल. तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

“ऐक,” सायली म्हणाली. “एक निघाली तर दुसरी त्यांच्या तावडीत सापडती. दोघी एकाच टायमाला निघालो तर कुणाचा राग कुणावर काढणार? बीडला माझी मावशी मेस चालवती. तिच्या कानावर घातलंय मी. तुला विचारायचंच तेवढं राहिलं होतं. मी अशीच रानातून निघते, गेवराईहून बस धरते. तू येतीस?”

“येते,” स्वप्ना म्हणाली. विचारसुद्धा केला नाही.

मंजुषानं तिला महिला हेल्पलाईनचा नंबर तिथंच पाठ करायला लावला, एक आठ एक. “पत्त्यांपेक्षा हे ध्यानात ठेव,” म्हणाली. “आणि निघताना मागून कुणी आलं तर कुणाचाबी मोबाईल घेऊन सरळ लाव.”

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. कडूबाई. हातात पिशवी, चेहऱ्यावर आठ्या. सुनेची एक भुवई, रडून सुजलेले डोळे आणि टेबलावरचे पत्ते बघून म्हातारीचा पारा चढला. “हे काय चाललंय गं? भुवया करायला आणली का थेरं करायला? ऊठ! अभिमन्यूला फोन लावते, थांब.”

मंजुषा मध्ये उभी राहिली. पण स्वप्नानंच तिला बाजूला सारलं. “आत्या, मी बीडला चाललेय. मी आता त्या घरात येणार न्हाई. आणि तुमची लेकबी निघालीय.”

“माझी सायली?” म्हातारीचा मोबाईल हातातच राहिला. “तिला काय धाड भरली? ती सुखात हाय.”

“कुणी सांगितलं, आत्या? तिनं सांगितलं?”

स्वप्ना एक पाऊल पुढं आली.

“तिलाबी खोलीत घालून बाहेरून कडी लावतेत. माझी आई लावती. तुमी माझी लावता तशीच.”

पार्लरमध्ये पुढं खुर्चीवर बसलेल्या पोरीनं केस वाळवायचं मशीन बंद केलं. कडूबाईनं भिंतीला हात टेकला. एकाएकी ती फार म्हातारी दिसायला लागली. तिला सुनेच्या डोळ्याला डोळा देता येईना. स्वतःच्या हाताकडं बघत राहिली, आणि मग पदरानं तोंड झाकून मोठ्यानं रडली.

स्वप्ना तिला ओलांडून दाराकडं निघाली.

“थांब,” म्हातारी म्हणाली. मंजुषाला वाटलं, आता धरती हिला. तिनं मोबाईलवर अंगठा ठेवला.

कडूबाईनं नाक पुसलं. ब्लाउजपीसची पिशवी काखेत मारली आणि सुनेच्या पुढं होऊन बाहेर हायवेच्या कडेला उभी राहिली. लांबून बस येताना दिसत होती. तिनं हात केला.

“कंडक्टर,” दाराच्या पायरीवर चढत ती म्हणाली, “दोन बीड द्या.”