काळी स्क्रीन

"स्क्रीन गेलीय," मोबाईल दुरुस्तीवाला म्हणाला. "टचही गेलाय. बोट टेकवलं की नुसतं अ‍ॅपचं नाव बोलतो, उघडत काहीच नाही."

माझा मोठा भाऊ मला दंडाला धरून दुकानात घेऊन आला होता, माझं एक अक्षर ऐकून न घेता. मला दिसत नाही, पण मला अक्कल आहे, हे काही घरात कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

"आणा इकडे," मी म्हणाले. "माझा फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, एकदा टेकवलं की तो नावच सांगणार. उघडायला दोनदा टॅप करायचं असतं."

मी एक बोट उजवीकडे सरकवत सरकवत बातम्यांपर्यंत गेले आणि दोनदा टॅप केलं. मग दोन बोटं रेडिओचं बटण फिरवावं तशी गोल फिरवली. फोन 'हेडिंग' म्हणाला. त्यानंतर बोट खाली ओढलं की दर वेळी तो पुढचा मथळा वाचत होता.

"मग स्क्रीन काळी का?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"फोनमध्ये स्क्रीन काळी करायचा पडदा असतो, तो मीच पाडलाय." मी तीन बोटांनी तीनदा टॅप केलं. "आता दिसतंय?"

"दिसतंय की."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" भाऊ माझ्यावरच खेकसला. "चार दिवस मला तुझ्या फोनवरचा एकही मेसेज वाचता आला नाही."

मी पुन्हा तीन बोटांनी तीनदा टॅप केलं.

"म्हणूनच पाडला, दादा."