आमोदने विकलेलं कार्ड

एका जुन्या पिढीच्या ग्राफिक्स कार्डांसाठी कंपनी आता नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढणार नाही, ही बातमी आमोदने सगळ्यांच्या आधी वाचली आणि त्याला चक्क गुदगुल्या झाल्या. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये नवंकोरं कार्ड होतं. जुनं होतं सौरभकडे, आणि तेही आमोदनेच वापरून त्याला विकलेलं. त्या कार्डावर गेम खेळताना आमोद कायम हरायचा. सौरभ मात्र त्याच कार्डावर कर्वेनगरातल्या साऱ्या सोसायट्यांना धूळ चारत सुटला होता. आमोदच्या पोटात दुखायचं ते इथेच.

यंदा सोसायट्यांच्या दिवाळीतल्या स्पर्धेला नुकताच आलेला गेम ठेवला होता आणि त्यांच्या सोसायटीची कप्तान ऋचा हिच्या संघात एकच जागा उरली होती. आमोदने तिला तडक गाठलं. बिचाऱ्या सौरभचं कार्ड भंगारात गेलं, नवा गेम त्यावर चालणारच नाही, असं त्याने काळजीच्या सुरात सांगितलं. ऋचा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती, प्रोग्रॅम चालवून त्यातल्या चुका शोधणारी. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"चालवून बघितलंस का?" तिने विचारलं. आमोदने पुन्हा ती बातमीच पुढे केली. मग तिने दोघांनाही रविवारी आपापलं मशिन घेऊन घरी बोलावलं.

सौरभने गेम सुरू केला आणि इशारा झळकला, की ड्रायव्हर जुना आहे. आमोदचा जीव हरखला. सौरभने 'तरीही पुढे जा' दाबलं आणि गेम मुकाट्याने उघडला. झाडांच्या सावल्या लुकलुकत होत्या. त्याने सावल्या कमी केल्या, चित्राचा दर्जा एक पायरी उतरवला, आणि खेळ सुरळीत चालला.

"आहे तो ड्रायव्हर कुणी काढून नेत नाही," ऋचा म्हणाली. "नव्या गेमसाठी दुरुस्त्या येणं थांबतं, इतकंच. हा चालतोय. पुढचा एखादा अडखळेल, एखादा उघडणारही नाही. तेव्हाचं तेव्हा बघू."

मग दोघे समोरासमोर खेळले. आमोदच्या पडद्यावर ढगांच्या कडासुद्धा सोनेरी दिसत होत्या. त्या बघत बघत तो प्रत्येक डाव हरला.

"ड्रायव्हरचाच काहीतरी घोळ आहे," तो पुटपुटला.

"तुझा तर परवाच आलाय," ऋचा म्हणाली आणि संघात सौरभचं नाव घातलं.

सौरभ वायरी गुंडाळत होता. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. "हे जुनं एक दिवस अडेलच रे," तो म्हणाला. "तू पुढचं घेतलंस की हे तुझं मला दे हं."

पुढचं कार्ड आमोदने केव्हाच हेरून ठेवलं होतं. पण आता त्याला डोळ्यांसमोर सौरभच दिसू लागला, याच सोनेरी ढगांखाली जिंकणारा. "हे मी विकणार नाही," तो म्हणाला आणि मशिन उराशी धरून जिना उतरला. जन्मात पहिल्यांदाच त्याला नवं कार्ड घ्यावंसं वाटेना.