चौथी ओळ कोण तपासणार?

पाचाचे चौदा करावेत ते आमच्यासारख्या गप्पिष्टांनी. इथे मात्र ते संगणकाने केले, आणि माझ्या भाचीच्या तोंडचं पाणी पळालं.

भाची एका मोठ्या रुग्णालयात संख्याशास्त्रज्ञ आहे. डॉक्टर कापतात, शिवतात. त्यातून काय साधलं ते ही मोजते. तेव्हा त्यांचा एक शोधनिबंध मासिकाकडे जायच्या बेतात होता. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज सुई टोचतात. ती महिनाभर द्यावी, की आठवड्यात थांबवली तरी भागतं? निबंध म्हणत होता, खुशाल थांबवा. मुख्य सर्जन इतके हरखले की निबंध छापून यायच्या आतच त्यांनी वॉर्डातल्या सुया आठवड्यावर आणल्या. त्यांच्या थोरल्या भावाचीही शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. चारचौघांत डरकाळ्या फोडणारे दादा सुई दिसली की भिंतीला चिकटत. घरी जाताना सुया सोबत नाहीत म्हटल्यावर त्यांनी भावाला मिठीच मारली.

इकडे रुग्णांच्या घरी फोन करणाऱ्या सिस्टरने मागे न लागलेले फोन चिकाटीने पुन्हा लावले आणि माहिती भरली. भाचीने नव्या फाइलवर तेच गणित चालवलं, तर आकडे हलले. खोदून पाहिलं तेव्हा कळलं की सर्जनच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरने पहिल्या फाइलमधली रिकामी घरं घाईत शून्याने भरली होती. शून्य म्हणजे गुठळी नाही. थोडक्यात, ज्याने फोन उचलला नाही तो ठणठणीत.

भाचीने तिघा सहलेखकांना मेल लिहिला.

"निबंधातला मजकूर आणि नवा निकाल यांत पुढील फरक आहेत. एक, सारांशातली रुग्णसंख्या: निबंधात ४१८, आता ४०६, कारण बारा जणांचा पत्ता अजूनही लागलेला नाही. दोन, पहिल्या तक्त्यातलं सरासरी वय: ६१ ऐवजी ६२. तीन, महिनाभर सुई घेतलेल्यांतल्या गुठळ्या: ४ ऐवजी ५. चार, सुई लवकर थांबवलेल्यांतल्या गुठळ्या: ५ ऐवजी १४, त्यातले मृत्यू १ ऐवजी ४. चौथी ओळ खरी असेल तर आपला निष्कर्ष टिकत नाही. प्रत्येक आकडा मूळ केसपेपरवरून तपासायचा आहे. कोणता कोण तपासणार, ते ओळीसमोर लिहावं."

उत्तरं आली. मुख्य सर्जननी, म्हणजे सरांनी, वय घेतलं. धाकट्या डॉक्टरने रुग्णसंख्या घेतली, सिस्टरने तिसरी ओळ. चौथीसमोर कोणीच नाही. पंगतीत कारल्याचं भांडं पुढे सरकावं तशी ती ओळ सरकत राहिली. सरांनी खाली एवढंच लिहिलं होतं की नवी फाइल कच्ची दिसते, आधी मासिकाची मुदत सांभाळू.

भाची सिस्टरला घेऊन सरांच्या खोलीत गेली. धाकटा डॉक्टर तिथेच होता, खाली मान घालून. सरांनी सिस्टरलाच म्हटलं, चौथीही तुम्हीच बघून टाका.

"मीच भरलंय सर, मीच कसं तपासू?" सिस्टर म्हणाली. "आणि यांनी शून्यं घातली, ते तरी कसे तपासणार? हिने गणित चालवलंय. राहिलात तुम्ही."

सर हसायला गेले, पण हसू अर्ध्यातच राहिलं. सिस्टर हळू आवाजात सांगू लागली. एका घरी मुलीने फोन घेतला होता. वडील छान जेवले, टीव्ही पाहिला, पाय जड वाटतो म्हणाले. बसून बसून झालं असेल, जरा चाला, असं मुलीनेच सांगितलं. ते दारापर्यंत पोचले नाहीत.

"पाय जड?" सरांनी विचारलं. मग कोणाकडेही न बघता केसपेपर उघडले. एकेका रुग्णाचा सोनोग्राफीचा अहवाल, तारीख, सुई कधी थांबली. भाची शेजारी बसून खुणा करत होती. ते मध्ये एकदाच बोलले, पाणी मागायला. चौदाच्या चौदा खरे निघाले.

सरांनी चौथ्या ओळीसमोर आपलं नाव घातलं आणि खाली लिहिलं: "तपासलं. बरोबर आहे. निबंध थांबवा. वॉर्डातल्या सुया आजपासून महिनाभर. घरी गेलेल्या प्रत्येकाला आत्ता फोन करा." धाकटा डॉक्टर यादी घेऊन सिस्टरच्या मागे धावला.

मग सरांनी भावाच्या घरी फोन लावला. वहिनींनी लगेच उचलला. आवाज खुशीतला. हो, हो, तुमचे दादा मजेत आहेत. सकाळपासून पोटरी तेवढी सुजलीय, पण त्याचं काय, नुसते बसून असतात ना, म्हणून मीच बागेत फेऱ्या मारायला पाठवलंय.

"वहिनी, त्याला थांबव," सर म्हणाले. "आहे तिथेच बसव. मी रुग्णवाहिका घेऊन निघालोय."

पलीकडे वहिनींच्या हाका ऐकू येत होत्या, आधी साध्या, मग मोठ्या. सर फोन कानाला लावूनच जिना उतरले.

भाची एकटीच उरली. समोर निकाल उघडा होता. रुग्ण ४०६; सुई लवकर थांबवलेल्यांत गुठळ्या १४, मृत्यू ४. अभ्यासाची नोंदणी कधीच बंद झाली होती. दादांचं काहीही होवो, या आकड्यांत आता ते धरले जाणार नव्हते.