अंबाड्यावरचा गजरा

कौशल्या गेली आणि घरात भलतीच अडचण उभी राहिली: भिंतीवर लावायला तिचा धड एक फोटो नव्हता. अल्बमच्या अल्बम धुंडाळले, तर बाई कुठे ताट घेऊन कोपऱ्यात, कुठे कुणाचं लेकरू काखेत घेऊन अर्धी कापलेली. स्मृति नगरच्या त्या सासरच्या घरात वीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं केला तिनं, पण कॅमेऱ्यासमोर ‘तू पण ये वं’ म्हणून कोणी हाक मारली असेल तर शपथ!

पण तिची पोरगी रेणू अमरदीपच्या स्टुडिओत कम्प्युटरवर फोटो सुधारायचं काम करायची. चुलतभाऊ प्रवीणच्या लग्नाचं शूटिंग याच स्टुडिओचं, म्हणून जुन्या हार्ड डिस्कमध्ये तिनं आईला शोधलं. सापडली एकदाची. मांडवात बसलेली, मान जराशी वळवलेली, अर्धा अंबाडा कॅमेऱ्याकडे. चेहरा ताठ. डोळे असे, की समोरच्यानं खाली पाहावं.

रेणूनं फोटो मोठा केला आणि तिचा हात माउसवरच थांबला. अंबाड्याच्या कडेनं केस उपसलेले होते, चार बटा वर आलेल्या, आणि एक आकडा नुसताच लोंबत होता. तिला आठवलं. त्या दिवशी बायकांमध्ये गजऱ्यांचं तबक फिरलं, आईनंही एक उचलला आणि खोवला. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मोठेबाबा, म्हणजे थोरले काका दौलतराव, भर मांडवात म्हणाले, “कौशल्या, लाज हाय का नाही? काढ तो.” आईनं तिथंच गजरा ओढून काढला. त्यानंतर लगेच फोटोग्राफरनं बटण दाबलं होतं.

“मी घालते परत,” रेणू मोठ्यानं म्हणाली. शेजारी अमरदीप पासपोर्ट फोटो कापत होता. त्यानं उठून तिची खुर्ची कम्प्युटरच्या आणखी जवळ ओढून दिली.

पण रागात केलेलं काम रागासारखंच होतं, वेडंवाकडं. इंटरनेटवरून मोगऱ्याचा सरळ गजरा उतरवला, वाकवला, अंबाड्यावर ठेवला आणि मोबाईलवर मोठेबाबांना दाखवला. रेणूला वाटलं, आता भडकतील. ते तर खो खो हसले!

“स्टिकर चिपकवलं का वं पोट्टे? लाव, लाव! कोनीबी म्हनन का हे कम्प्युटरचं काम हाय. आपल्याले काय फरक पडते?”

त्या हसण्यानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि जास्त झोंबलं ते हे, की म्हातारा खरं बोलत होता. सगळ्या कळ्या एका मापाच्या, पांढऱ्याफटक, ट्यूबलाइटखाली ठेवल्यासारख्या. खाली सावली नाही, वर केस नाही. गजरा डोक्यावर नव्हता, फोटोवर होता. असा गजरा मोठेबाबांना चालत होता, कारण तो आईनं कधी घातलाच नव्हता हे आंधळ्यालाही दिसत होतं.

“बरं तर,” ती मनाशी म्हणाली. “आता पाहाच.”

दुसऱ्या दिवशी तिनं खरा मोगऱ्याचा गजरा आणला आणि अमरदीपच्या बायकोला, शालूवहिनीला, अंबाड्यावर तो माळून बसवलं. मान तशीच वळवलेली, दिवा तिकडूनच, जिकडून मांडवातला हॅलोजन होता. वहिनीची मान अवघडली. “आज गजरा लावून राहिली का माही मान मोडून राहिली?” ती कुरकुरली, पण फोटो निघेपर्यंत हलली नाही.

मग कम्प्युटरवर आधी अंबाड्याच्या गोलाईवर एक वाकडी रेघ काढली, कारण गजरा डोक्याच्या उतारानं जातो, आपल्या मर्जीनं नाही. वहिनीच्या फोटोतल्या गजऱ्याचे तुकडे करून त्या रेघेवर एकेक बसवले. समोरच्या कळ्या मोठ्या आणि मोकळ्या; जसजसा गजरा मागे वळतो तसतशा बारीक, दाट, एकमेकींवर चढलेल्या. जिथं अंबाडा उजेडापासून दूर वळतो तिथं कळ्याही काळवंडवल्या. पांढऱ्यावर हॅलोजनची पिवळी झाक दिली. गजऱ्याखाली केसांवर सावली टाकली, अगदी लागून गडद, पुढे विरत जाणारी. मूळ फोटो जरा धूसर होता, म्हणून फुलंही तेवढीच धूसर केली. नाहीतर नवं फूल जुन्या बाईला परकं दिसलं असतं.

सगळ्यात शेवटी केस. गजऱ्यावर मास्क, म्हणजे हवं तिथं त्याला लपवणारा पडदा, चढवला आणि केसाएवढ्या बारीक ब्रशनं एकेका बटेच्या वाटेवर तो पुसत गेली, म्हणजे खालची बट फुलांवरून वर येते. आणि बटा तर तिथं होत्याच! आईच्या हातानं उपसलेल्या त्या चार बटा कळ्यांवरून अशा गेल्या, जणू गजरा खोवतानाच सुटल्या असाव्यात. लोंबणारा आकडा गजऱ्यात अडकलेला दिसला. रेणू रडली, आणि रडता रडता शिवी हासडली. कुणाला, ते सांगायला नको.

तेरवीच्या दिवशी फ्रेम भिंतीवर लागली. हार घालायला दौलतराव पुढे झाले आणि हार हातातच राहिला.

“हे... हे कावून असं दिसून राहिलं?”

“कसं?”

“खरंच घातल्यावानी!” आवाज दबका ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता. “लोकायले वाटन, आपल्या घरच्या बाईनं नवरा गेल्यावर फुलं घातली. आन् आपन पाहत बसलो.”

“वाटू द्या.”

“काढ ते. आत्ताच. प्रवीण, फोटो उतरव.”

प्रवीण भिंतीकडे वळला. रेणू त्याच्या आडवी उभी राहिली.

“फोटोले हार चालते मोठेबाबा, केसात गजरा नाही चालत? मेल्यावर फुलं, जित्तेपनी नाही? तुमी सांगितलं आन् माही आई चूप बसली. मी नाही बसत. हात लावून पाहा फोटोले, हे सगळे पाव्हणे बसले हायेत, त्याइलेच सांगते त्या दिवशी मांडवात काय झालं ते.”

प्रवीणनं हात खिशात घातले. दौलतराव पाहुण्यांकडे बघत हसायला गेले, पण ते जमलं नाही.

आईची धाकटी बहीण, वसुंधरामावशी, अहिवाऱ्याहून आली होती. नवरा गेल्यापासून तिनंही फुलाला हात लावला नव्हता. ती उठली, फ्रेमजवळ गेली, चष्मा वर करून गजरा निरखून पाहिला. बोट लावलं, काच लागली.

“तुवा बनवला का वं?”

“हो, मावशी.”

“मागून कसा हाय?”

“मागून नाही दिसत. कॅमेऱ्याकडे जेवढा अंबाडा होता, तेवढाच केला.”

मावशीनं मान डोलावली. मग तिथंच, दौलतरावांसमोर, पदर डोक्यावरून खाली घेतला आणि पाठ रेणूकडे केली.

“माह्यासाठी एवढी मेहनत नोको करू पोरी. बाजारातून खराच आन. पूरा वेढा घाल, मागूनबी दिसला पायजे.”